बोअर 53, स्ट्रोक 56.5 आणि माझे 61 हजार

गेल्या दिवाळीच्या आधी परतवाड्यातल्या एका जुन्या गाड्या विकणाऱ्याकडून मी दीडशे सीसीची म्हणून मोटारसायकल घेतली. 61 हजार मोजले. गाडी दीडशेची नव्हती, सव्वाशेची होती. याचा पुरावा मला कुठे शोधावाही लागला नसता, कारण जो कागद दाखवून त्याने मला गाडी विकली त्याच कागदावर तो छापलेला होता. मी तो वाचला, पण समजून घेतला नाही.

माझी शाळा मेळघाटात. रोज घाट चढायचा, मागे सोबतचे एक गुरुजी, दोघांच्या पिशव्या. जुनी शंभरची गाडी घाटात दुसऱ्या गियरवर रडायची, म्हणून दीडशेची शोधत होतो. त्याच्याकडे एक काळी गाडी उभी होती. टाकीवर 150 चं स्टिकर, हँडलला लॅमिनेशन केलेला कागद लटकवलेला. वर कंपनीचं चित्र आणि खाली ओळी: इंजिन 150 सीसी, ताकद 14 पीएस, कम्प्रेशन रेशो 12:1, वजन 112 किलो, बोअर 53 मिमी, स्ट्रोक 56.5 मिमी, टाकी 10 लिटर.

"सर, तुम्ही शिकलेले माणसं, तुम्हाले काय सांगू? कागदच पाहा ना," तो म्हणाला. "चौदाची ताकद अन् वजन फक्त 112. पॉवर टू वेट काढा. घाट अशी चढते का नुसती पाहत राहा."

मी तिथंच मोबाईलवर भागाकार केला. शंभर किलोमागे साडेबारा पीएस. शोरूममधल्या नव्या गाड्यांपेक्षाही चांगला आकडा. आकडा चांगला आला म्हणजे गाडी चांगली, इतकंच माझ्या डोक्यात आलं. भागायचे आकडे कुठून आले, हे विचारायचं राहूनच गेलं.

आरसी बुक मागितलं तर त्याने झेरॉक्स दिली. कार्ड आधीच्या मालकाच्या घरी आहे, आठ दिवसांत देतो म्हणाला. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या तयार होत्या, त्यामुळे मी निर्धास्त झालो. झेरॉक्स कार्डाच्या एकाच बाजूची होती: नंबर, मालकाचं नाव, चेसिस नंबर, इंजिन नंबर. क्युबिक कॅपॅसिटी म्हणजे सीसी आणि अनलेडन वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, हे स्मार्ट कार्डाच्या दुसऱ्या बाजूला छापलेलं असतं. ती बाजू का दिली नाही, हे आज सांगायला नको.

मग त्याने कम्प्रेशनचा खेळ केला. मला त्याच्या हुशारीची दाद द्यावीशी वाटते ती इथे. प्लग काढला, त्या जागी गेज बसवलं, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारत राहिला. काटा चढत चढत 12 वर थांबला. "कागदावर बारा, गेजवर बारा. अजून काय पाहिजे?" मी मान डोलावली. गणित शिकवणारा माणूस मी, आणि एककं वाचली नाहीत! गेजवर किलो प्रति चौरस सेंटीमीटर लिहिलं होतं. तो दाब आहे. कम्प्रेशन रेशोला एककच नसतं, कारण ते एका आकारमानाला दुसऱ्याने भागून आलेलं असतं: पिस्टन तळाशी असताना वरची सगळी जागा भागिले पिस्टन वर असताना उरलेली जागा. हवा दाबली की तापते, म्हणून दाब नुसत्या आकारमानाच्या हिशोबापेक्षा जास्त चढतो. उलट इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि पिस्टनच्या रिंगांतून थोडी हवा निसटते, म्हणून तो कमीही होतो. 10:1 च्या धडधाकट इंजिनातसुद्धा गेज 12 दाखवू शकतं. गेजवरून सिलेंडर, रिंगा, व्हॉल्व्ह किती धड आहेत एवढंच कळतं. रेशो त्याच्यावरून वाचता येत नाही.

तेही धड कळलं नाही, कारण गेज लावण्याआधी तो दोन मिनिटं गाडीच्या पलीकडे वाकला होता. गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला. "उभी होती ना बरेच दिवस," तो म्हणाला. महिनाभराने आमच्या मिस्त्रीने गेज लावलं तेव्हा काटा 8 वरच थांबला. मग त्याने प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल ओतलं, आणि काटा परत 12 च्या जवळ गेला. रिंगा घासलेल्या असल्या की ऑइल त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. मिस्त्री लोक हीच युक्ती दोष रिंगांत आहे की व्हॉल्व्हमध्ये हे ओळखायला वापरतात. विकणाऱ्याने ती दोष झाकायला वापरली होती. निळा धूर त्याच जळणाऱ्या ऑइलचा.

पण मिस्त्रीकडे जायच्या आधीच घरात भांडं फुटलं. मुलगी दहावीला. तिचं महत्त्वमापन चाललं होतं, वृत्तचितीचं घनफळ. सरावाला उदाहरण दे म्हणाली. मी गंमत म्हणून गाडीचा कागद पुढे केला. आमच्याकडे बोअर म्हटलं की आधी शेतातली बोअरवेल आठवते, म्हणून तिला सांगितलं की हा सिलेंडरचा आतला व्यास, आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टन तळापासून वरपर्यंत जेवढं सरकतो ते अंतर. व्यास 53 मिमी म्हणजे त्रिज्या 2.65 सेंमी. तिचा वर्ग 7.02. त्याला 3.14 ने गुणलं, 22.05. त्याला उंची 5.65 ने गुणलं.

"124.6 आलं बाबा. सीसी म्हणजे घन सेंटीमीटरच ना?"

मी दोनदा करून पाहिलं. 3.14 ऐवजी 22/7 घेतलं तरी 124.7. सिलेंडर एकच, त्यामुळे दुसऱ्या कशाने गुणायचा प्रश्न नव्हता. कंपनीच्या सव्वाशेच्या कागदावरच्या सीसी, ताकद, रेशो, वजन या ओळी त्याने बदलल्या होत्या, कारण गिऱ्हाईक तेवढ्याच वाचतं. बोअर-स्ट्रोक त्याने तसेच राहू दिले. या दोन आकड्यांतून सीसी निघते हे एक तर त्याला ठाऊक नसावं, किंवा मला ठाऊक नसेल याची त्याला खात्री असावी.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो. तो गडबडला नाही. "सर, हे तर बोअर करून घेतली आहे ना. बोअर वाढला म्हणून दीडशे झाली." हे ऐकायला खरं वाटतं. म्हणून हिशोब सांगतो. सिलेंडर घासून मोठा करतात तेव्हा ओव्हरसाइज पिस्टन साधारण पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात, एक मिलिमीटरपर्यंत. पूर्ण एक मिलिमीटर वाढवला, म्हणजे बोअर 54 केला, तरी याच स्ट्रोकवर 129 सीसी होते. दीडशेपर्यंत जायला बोअर 58 लागतो, पाच मिलिमीटर जास्त. साध्या बोअर-पिस्टनच्या कामात एवढं होत नाही, त्याला सिलेंडर ब्लॉकच दुसरा लागतो. हे ऐकून तो म्हणाला, "तुम्ही लई हिशोबी माणूस आहात, सर." कार्ड मात्र त्या दिवशी मिळालं. दुसऱ्या बाजूला क्युबिक कॅपॅसिटी 124.6, अनलेडन वेट 123.

वजनाबद्दल त्याचं म्हणणं होतं की 112 हे पेट्रोल काढून आहे. मग वजनही केलं. धर्मकाट्यावर मोटारसायकल मोजण्यात अर्थ नाही, तिथे पाच-दहा किलोचा फरक सहज खपून जातो. सोयाबीनची पोती मोजायचा काटा अडत्याकडे असतो, त्यावर आधी पुढचं चाक ठेवलं आणि मग मागचं. दुसऱ्या चाकाखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या दिल्या, नाही तर गाडी कलते आणि आकडा चुकतो. गाडीला हाताने नुसती सावरायची, तिच्यावर भार द्यायचा नाही. पुढे 56, मागे 68, बेरीज 124. टाकी अर्धी होती, गार्ड आणि साडी गार्ड लावलेले होते. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे दहा लिटरची पूर्ण टाकी साडेसात किलोची. कर्ब वेट म्हणजे ऑइल, बॅटरी आणि जवळपास भरलेल्या टाकीसकट, चालवायला तयार गाडीचं वजन. ड्राय वेट यातलं बरंच काही वगळून सांगतात. आरसीवरच्या 123 मधून सगळं पेट्रोल काढलं तरी 115 च्या वर काहीतरी उरतं. 112 म्हणायला बॅटरी आणि ऑइलही काढावं लागेल, आणि तशी गाडी दुकानाच्या दारातूनही बाहेर निघणार नाही.

आता खरा भागाकार. अमरावतीच्या शोरूममधून त्या मॉडेलचा कागद आणला, ताकद 11 पीएस. 11 भागिले 124, म्हणजे शंभर किलोमागे 8.9. त्याने दाखवलेले 12.5 कुठे आणि हे कुठे! पण घाटात गाडी एकटी चढत नाही. आम्ही दोघं आणि पिशव्या मिळून 135 किलो. त्याच्या कागदाप्रमाणे 14 भागिले 247, शंभरमागे 5.7. प्रत्यक्षात 11 भागिले 259, म्हणजे 4.2. चौथा हिस्सा गायब, आणि घासलेल्या रिंगांमुळे 11 सुद्धा पूर्ण मिळत नव्हते. गाव सोडून सपाट रस्त्यावर चक्कर मारली तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं, कारण सपाटीला साठच्या वेगाने जायला एवढी ताकद लागतच नाही. घाटाच्या तिसऱ्या वळणावर सोबतचे गुरुजी म्हणाले, "उतरू का?" तेव्हा मला ते थट्टा वाटलं होतं.

कागदाचा गाडीच्या नंबर प्लेटसकट फोटो माझ्याकडे होता, केवळ मुलाला पाठवायला काढला होता म्हणून. तो फोटो, आरसी आणि काट्याची चिठ्ठी घेऊन 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जाईन म्हटल्यावर त्याने 14 हजार परत दिले. 5 हजार रिंग-पिस्टनच्या कामात गेले. भाव पाहता मी अजूनही तोट्यात आहे, पण रोज शाळा सोडून अमरावतीच्या चकरा मारायची माझी तयारी नव्हती.

परवा बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानासमोरून गेलो. लाल गाडीला तसाच लॅमिनेशन केलेला कागद लटकवलेला होता. थांबून वाचला. सीसी होती, ताकद होती, रेशो होता, वजन होतं. बोअर आणि स्ट्रोकची ओळ काढून टाकलेली होती.