ब्लाउज शिवणाऱ्या दुकानाला व्हॉट्सअॅप बिझनेसचे तयार मेसेज: आठ महिन्यांत काय ठेवलं, काय काढलं

आमचं लेडीज टेलरिंगचं छोटं दुकान आहे. मी आणि माझी जाऊ, दोन मशीन, आणि सणाच्या दिवसांत हातशिलाईला येणारी एक मुलगी. दुकानाचा नंबर व्हॉट्सअॅप बिझनेसवर घेतला त्याला आता आठ महिने झाले. नवरात्र, दिवाळी आणि लग्नसराई असे तिन्ही मोसम या काळात येऊन गेले. अॅपमधल्या बाकीच्या सोयींबद्दल फार सांगत नाही. Greeting message आणि Quick replies या दोन गोष्टींनी माझं काम खरंच हलकं केलं, आणि याच दोन गोष्टींनी सुरुवातीला मला अडचणीतही आणलं. म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते.

दोन्ही गोष्टी Business tools मध्ये सापडतात. Greeting message आपोआप जातो. कोणी आपल्याला पहिल्यांदा मेसेज केला की जातो, आणि आधीचं गिऱ्हाईक असेल पण १४ दिवस काही बोलणं झालेलं नसेल तरीही पुन्हा जातो. हा १४ दिवसांचा नियम मी आधी नीट वाचलाच नव्हता. Quick replies मात्र आपण स्वतः पाठवायचे असतात. लिहायच्या जागी / टाइप केलं की यादी उघडते, हवा तो निवडला की मजकूर समोर येतो, आणि पाठवण्याआधी त्यात बदल करता येतो. असे ५० पर्यंत साठवता येतात.

पहिल्या दिवशी मी जो स्वागताचा मेसेज लावला तो असा होता: हात जोडलेले, फुलं, "आमच्या दुकानात आपलं सहर्ष स्वागत आहे", मग आम्ही काय काय शिवतो त्याची यादी, "साधा ब्लाउज अमुकपासून पुढे" असा दर, पैसे पाठवायचा यूपीआय आयडी, आणि शेवटी "आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क करू". दिसायला छान होता, पण कामाला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. त्या शेवटच्या ओळीमुळे बायका पुढे काहीच लिहीत नसत, वाट बघत बसत. मी तीन तासांनी मशीनवरून उठून फोन हातात घ्यायची तेव्हा समोर फक्त "ब्लाउज शिलाई किती?" एवढंच असायचं. कापड कुठलं, अस्तर हवं की नको, कधी हवाय, काहीच माहीत नाही. मग मी विचारणार, त्या संध्याकाळी उत्तर देणार, असं एका ब्लाउजसाठी दोन दिवस नुसतं बोलण्यात जायचे.

त्याहून वाईट गोष्ट घडली ती नेहमीच्या एका गिऱ्हाइकाबाबत. सहा वर्षं माझ्याकडेच शिवून घेतात. महिन्याभराने त्यांचा मेसेज आला की सासूबाई गेल्या, दिलेले दोन ब्लाउज सध्या शिवू नका. १४ दिवस उलटून गेलेले, त्यामुळे त्यांना माझ्याकडून लगेच फुलं, सहर्ष स्वागत आणि नवरात्रीचे दर गेले. मी ते तासाभराने पाहिलं. पोटात गोळा आला. फोन करून माफी मागितली, त्यांनीही समजून घेतलं, पण ती वेळ त्यांच्यावर यायला नको होती.

त्या दिवशी दोन बदल केले. पहिला सेटिंगमधला: Recipients मध्ये Everyone होतं ते बदलून Everyone not in address book केलं. म्हणजे ज्यांचा नंबर माझ्याकडे सेव्ह आहे त्यांना आपोआप काही जात नाही. यासाठी एक शिस्त लागते, पहिली ऑर्डर घेतली की नंबर लगेच सेव्ह करायचा. पावतीपुस्तकात नाव लिहितानाच आम्ही ते करतो. दुसरा बदल मजकुरात. सण, ऑफर, फुलं, स्वागत सगळं काढलं. समोरचा माणूस कुठल्या मनःस्थितीत लिहितोय हे मेसेजला कळत नाही, म्हणून कुठल्याही प्रसंगी वाचला तरी खटकणार नाही एवढाच मजकूर त्यात ठेवायचा असं ठरवलं.

आता गेले पाच महिने हा मेसेज आहे:

"नमस्कार. हा मेसेज आपोआप आला आहे. मी मशीनवर असते, फोन दुपारी १ ते २ आणि संध्याकाळी ७ नंतर पाहते. तोवर एवढं पाठवून ठेवा:
कापडाचा फोटो
हव्या त्या गळ्याचा आणि बाहीचा फोटो
कार्यक्रमाची तारीख
मापाचा ब्लाउज देणार, की माप द्यायला येणार?"

यातली प्रत्येक ओळ अनुभवाने आली आहे. "आपोआप आला आहे" नसेल तर लोकांना वाटतं मी फोन घेऊनच बसले आहे. सेकंदात उत्तर आलं आणि नंतर तीन तास काही नाही, याचा त्यांना राग येतो आणि तो रास्तही आहे. "लवकरच" ऐवजी घड्याळाची वेळ लिहिली तेव्हापासून "हॅलो?", "आहात का?" असे मेसेज जवळजवळ थांबले. आणि "कधी हवाय?" असं न विचारता कार्यक्रमाची तारीख विचारते, कारण कधी हवाय म्हटलं की प्रत्येकीचं उत्तर "अर्जंट" असतं. तारीख कळली की कुठला ब्लाउज आधी कापायला घ्यायचा ते मला ठरवता येतं. "ताई" आणि "मॅडम" दोन्ही काढलं, कारण बायकोसाठी किंवा आईसाठी पुरुषही मेसेज करतात.

यूपीआय आयडी काढण्याचं कारण वेगळं. लग्नसराईत एकीने स्वागताचा मेसेज वाचून परस्पर ५०० रुपये पाठवले आणि पैसे दिले म्हणजे काम ठरलं असं धरलं. तिची तारीख माझ्याकडे पूर्ण भरलेली होती. पैसे परत केले, पण तिचे दोन दिवस वाया गेले. आता रक्कम आणि तारीख ठरल्यावरच पैशांचा मेसेज जातो, आणि त्यात "पाठवण्याआधी स्क्रीनवर माझंच नाव दिसतंय का बघा" अशी ओळ असते.

Quick replies मी उत्साहात एकोणीस केले होते. आज सहा वापरते. घरी बसून कल्पनेने लिहिलेले बहुतेक पडून राहिले. टिकले ते असे, की जे मी खरोखर चार-पाच गिऱ्हाइकांना हाताने लिहिलं होतं. आपणच पाठवलेला मेसेज दाबून धरला की मेनूतून तो थेट Quick replies मध्ये टाकता येतो. माझ्या अँड्रॉइड फोनवर मी आता तसंच करते.

सगळ्यात जास्त चालतो तो /maap. त्यात लिहिलंय: मापाचा ब्लाउज सध्या अंगावर नीट बसणारा द्या, धुतलेला द्या, नव्यात काय बदल हवा (बाही लांब, गळा खोल, छातीत सैल) ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाका. लग्नातला जुना ब्लाउज माप म्हणून देऊ नका. ही शेवटची ओळ वाढवल्यापासून अल्टरेशनला परत येणारं काम डोळ्यांना दिसेल इतकं कमी झालं.

दुसरा /astar, दराचा. इथे मी खूप चुकले. आधी त्यात सगळे दर लिहिले होते: साधा, अस्तराचा, कटोरी, प्रिन्सेस कट, पॅडचा, पायपिंग, नॉट-लटकन. एवढी यादी पाहून लोक सर्वांत खालचा आकडा लक्षात ठेवतात आणि दुकानात आल्यावर वाद होतो. आता त्यात एकही आकडा नाही. दर कशामुळे बदलतो ते दोन वाक्यांत आहे, सुती अस्तर आटू नये म्हणून आम्ही ते आधी भिजवून घेतो म्हणून एक दिवस जास्त लागतो हे आहे, आणि शेवटी "तुमच्या फोटोप्रमाणे शिलाई ₹___". आकडा मी फोटो पाहून हाताने भरते.

ही रिकामी जागा फार कामाची आहे. नवरात्रीत मी /tarikh मध्ये "१० दिवसांत मिळेल" असं लिहून ठेवलं होतं. तेव्हा ते खरं होतं. डिसेंबरात वीस दिवसांचं काम अंगावर होतं, आणि मी बाहेर असताना जाऊबाईंनी तोच जुना मेसेज साखरपुड्याच्या तीन ब्लाउजसाठी पाठवला. त्यांची काहीच चूक नव्हती, मेसेजच शिळा होता. शब्द दिला म्हणून आम्ही दोघी चार रात्री बसलो. आता कुठल्याही तयार मेसेजमध्ये दिवसांचा आकडा नाही, "___ तारखेला संध्याकाळी ५ नंतर" असं आहे. घाईत जागा तशीच रिकामी राहून गेली तर गिऱ्हाईक विचारतं, "तारीख कुठली?" आणि आपण भरतो. जुना आकडा गेला तर मात्र कोणी विचारत नाही, त्यावर विश्वास ठेवून हॉल बुक केलेला असतो.

तयार झाल्याचा मेसेज, पत्त्याचा आणि पैशांचा, हे बाकीचे तीनही चालतात, त्यांच्याबद्दल जास्त सांगावं असं काही नाही. फक्त पत्त्यात नकाशाच्या लिंकबरोबर खूण लिहा. आमच्या गल्लीत नकाशा मागच्या रस्त्याला नेतो.

आपण नसताना आपोआप उत्तर देणारा Away message मी फक्त गावी जाताना लावते, Custom schedule मध्ये जायची आणि यायची वेळ टाकून. मे महिन्यात गावी रेंज नव्हती, तेव्हा तो गेलाच नाही. फोनला इंटरनेट असेल तरच तो जातो. आता निघायच्या दोन दिवस आधी स्टेटसवरही टाकते.

एक मेसेज मी पूर्ण काढून टाकला, तो म्हणजे /sorry. "झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, आम्ही लक्ष घालू." मुंढ्यात घट्ट झालेला ब्लाउज हातात घेऊन बसलेल्या बाईला हे वाचून काय वाटत असेल! आता कोणी बसत नाही म्हटलं की मी मशीन थांबवते आणि स्वतः लिहिते: घालून समोरून आणि काखेतून एकेक फोटो पाठवा, दोन्ही बाजूंना शिलाईत कापड सोडलेलं आहे, फोटो पाहून किती उसवायचं ते सांगते, आज आणलात तर आजच करून देते.