नऊ महिने, ३३ पत्रे: नोकरीतल्या अनुभवांचे साप्ताहिक न्यूजलेटर चालवताना

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये मी २१ वर्षे काम करीत आहे. सुरुवात लेथवर झाली आणि आता तपासणी विभाग माझ्याकडे आहे. डिप्लोमा किंवा आयटीआय करून नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांसाठी, नोकरीत शिकलेल्या गोष्टी सांगणारे एक पत्र दर आठवड्याला ई-मेलने पाठवावे, या विचाराने मी गेल्या जूनमध्ये न्यूजलेटर सुरू केले. त्यासाठी सबस्टॅक ही सेवा घेतली. मोफत पत्र पाठवायला तिथे पैसे पडत नाहीत, आणि सशुल्क वर्गणी ठेवली तर वर्गणीतील १० टक्के सेवा कापून घेते. माझे पत्र मोफतच असल्यामुळे तो प्रश्न आला नाही. आज फेब्रुवारीअखेर ३८ आठवडे झाले असून ३३ पत्रे गेली आहेत. जे ५ आठवडे रिकामे गेले, त्यांपैकी २ ठरवून आणि ३ नाइलाजाने. वाचक ३८ होते, ते २१४ झाले. हा अनुभव सेवेपेक्षा त्या कामाबद्दल आहे, कारण पाठवण्याचे तंत्र दोन तासांत जमले. आपल्या आवाजात लिहिणे आणि ते दर आठवड्याला निभावणे यांना मात्र चार महिने लागले.

पहिली सहा पत्रे आज वाचताना मला संकोच वाटतो. ‘चूक मान्य करणे ही मोठेपणाची खूण आहे’, ‘संयम हेच खरे भांडवल’ अशा वाक्यांनी ती सुरू होत होती, आणि ती कोणीही, कुठेही बसून लिहिली असती. एकेका पत्राला फार तर दोन उत्तरे येत, तीही ‘छान लिहिलंय सर’ एवढीच. सहाव्या पत्रानंतर चहाच्या सुट्टीत माझ्या हाताखालचा, चिकोडीकडचा एक ट्रेनी जरा बिचकतच म्हणाला, ‘‘सर, पत्रातले तुम्ही आणि शॉपमधले तुम्ही वेगळे वाटता. शॉपमध्ये तुम्ही आधी पीस हातात घेता, मग बोलता.’’

त्याने हे सहज म्हटले होते, पण माझे काम झाले. तेव्हापासून प्रत्येक पत्र हातात धरता येईल अशा एखाद्या वस्तूपासून सुरू करायचे असे मी ठरवले: एखादा नग, गेज, तपासणीचा तक्ता, जॉइनिंग लेटर किंवा पगाराची स्लिप. चूक मान्य करण्याविषयीचेच पत्र मी सातव्या आठवड्यात पुन्हा लिहायला घेतले, आणि या वेळी सुरुवात अशी झाली: ‘दुपारी सव्वातीनला माझ्या बाकावर पंप बॉडीचे १४ नग होते आणि चौदाव्याच्या बोअरमध्ये नो-गो गेज अलगद आत गेला.’ ज्याने गेज हाताळला आहे, त्याला पुढे काही सांगावे लागत नाही. नो-गो बाजू बोअरच्या, म्हणजे कोरलेल्या छिद्राच्या, आत जाता कामा नये. ती गेली म्हणजे बोअर मोठा झाला, आणि मोठा झालेला बोअर कापून लहान करता येत नाही.

ही गोष्ट माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षातील. एकच नग वाया गेला असेल असे मनाला समजावून मी तो बाजूला ठेवला, सेटिंग अंदाजाने मागे घेतले आणि कोणालाही न सांगता मशीन चालू ठेवली. बोरिंग बारचा स्क्रू ढिला असल्याने सेटिंग पुन्हा सरकत राहिले, आणि साडेपाचला मोजणी झाली तेव्हा २३ नग बाद निघाले. फोरमन रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘पहिला कधी कळला तुला?’’ मी सव्वातीन म्हणालो, आणि ‘सव्वातीन ते साडेपाच’ हे शब्द त्यांनी अहवालात माझ्यासमोर लिहिले. पत्राच्या उत्तरार्धात उपदेश काढून टाकून मी फक्त तेव्हा काय बोलायला हवे होते ते दिले: कितवा नग बिघडला, शेवटचा चांगला नग कोणता, आणि मशीन थांबवली आहे की नाही. या तीन गोष्टी पहिल्या दहा मिनिटांत सांगणाऱ्या माणसावर फोरमन सहसा चिडत नाही, कारण त्याला पुढचा निर्णय घेता येतो. त्या पत्राला ११ उत्तरे आली आणि त्यांपैकी चारांत वाचकांनी स्वतःचे बाद नग मोजून दाखवले होते.

हा आवाज सापडला तसा त्याचा धोकाही लवकरच कळला. बाराव्या पत्रात मी एका सहकाऱ्याची गोष्ट नाव बदलून लिहिली, पण ‘खानापूरहून पहाटेच्या गाडीने येणारा’ एवढे वर्णन राहू दिले. आमच्या शॉपमध्ये तसा एकच माणूस आहे. सोमवारी तो माझ्यापाशी आला, भांडला नाही, पण दिवसभर माझ्याशी बोललाही नाही. तेव्हापासून चूक सांगायची ती माझी. दुसऱ्याची असेल तर मजकूर आधी त्याला वाचून दाखवायचा आणि तो नाही म्हणाला तर कागद फाडायचा. ग्राहकाचे नाव, नगाचे खरे नाव आणि ड्रॉइंगवरील मापे यांतले काहीही पत्रात जात नाही. कोणत्याही नोकरदाराने असे लिखाण सुरू करण्यापूर्वी आपल्या नेमणूकपत्रातील गोपनीयतेचे कलम एकदा वाचावे. मी ते सुरू केल्यानंतर वाचले, हा माझा आळस.

दुसरी मर्यादा काळाची. एकोणिसाव्या पत्रात मी २००४ साली नोटीस न देता एक काम सोडून शेजारच्याच गल्लीत दुसरे कसे धरले, हे थोड्या फुशारकीने लिहिले होते. निपाणीहून कागलच्या कारखान्यात जाणाऱ्या एका वाचकाने सभ्यपणे लिहिले की, आता प्रत्येकाचा पीएफचा यूएएन क्रमांक असतो आणि आधीच्या नोकरीच्या तारखा त्यात दिसतात. त्याचे बरोबर होते. यूएएन २०१४ साली आला आणि माझा अनुभव त्याच्या दहा वर्षे आधीचा. आता प्रत्येक पत्राखाली ही गोष्ट कोणत्या वर्षीची आणि आज त्यातील काय बदलले आहे, अशी दोन वाक्ये असतात. ती लिहायला मला कधी कधी अख्ख्या पत्राइतकाच वेळ लागतो.

वेळापत्रकाची कहाणी आणखी साधी आहे. सुरुवातीला मी रविवारी रात्री जेवण झाल्यावर नऊला बसत असे आणि साडेबाराला उठत असे. सोमवारी सकाळी कॅलिपरवरील रेघा दोनदा वाचाव्या लागत. आठव्या आणि दहाव्या आठवड्यात तर पत्र गेलेच नाही. मग शॉपमध्ये सायकल टाइम काढतो तसा मी तीन रविवार घड्याळ लावून वेळ मोजला. सरासरी हिशेब असा निघाला: विषय ठरवण्यात ७० मिनिटे, पहिला खर्डा ६० मिनिटे, दुरुस्ती ५५ आणि संगणकावर मांडून चाचणीचा मेल पाठवण्यात २५. म्हणजे साडेतीन तासांतील एक तृतीयांश वेळ ‘काय लिहू’ या प्रश्नातच जात होता, आणि रिकाम्या डोक्याने रविवारी रात्री त्याचे उत्तर मिळत नाही.

म्हणून मी खिशात छोटी वही ठेवू लागलो. आठवड्यात काही घडले की दोन ओळी लिहायच्या, जास्त नाही. ‘नवा मुलगा, मायक्रोमीटर झिरो न करता माप घेतले, कोणी टोकले नाही’ ही एक नोंद म्हणजे एक पत्र. गुरुवारी संध्याकाळी सात ते आठ खर्डा, आणि आठला पेन खाली. वाक्य अर्धे असले तरी चालेल, उलट अर्धे वाक्य पुढच्या वेळी लवकर पकडता येते. शनिवारी चाळीस मिनिटे मोठ्याने वाचून दुरुस्ती. बायको स्वयंपाकघरातून ऐकते आणि ‘‘हे तुम्ही असं बोलत नाही’’ म्हणते, तेवढी ओळ जाते. रविवारी पंधरा मिनिटांत पत्र मंगळवारी सकाळी पावणेसातला जाईल असे लावून ठेवतो, कारण जनरल शिफ्टला निघालेली मुले गाडीत बसून वाचतात. एकूण दोन तासांच्या आत काम होते. मुख्य म्हणजे लांबी १४०० शब्दांवरून ६५० वर आणली. तेवढे नसते केले तर बाकी सगळी व्यवस्था फुकट गेली असती.

लांबीबद्दल आणखी एक गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांना कळायला हवी. जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठा मेल पुरा दाखवत नाही; खाली `[Message clipped]` अशी ओळ आणि उरलेला मजकूर उघडण्याची लिंक येते. देवनागरीतील प्रत्येक अक्षरखूण तीन बाइट घेते आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे इंग्रजी पत्रापेक्षा आपले पत्र त्या मर्यादेला लवकर भिडते. दसऱ्याच्या अंकात मी हौसेने जवळजवळ ३००० शब्द लिहिले आणि शेवटचा भाग, पत्र बंद करण्याच्या लिंकसकट, कापला गेला. ६५० शब्दांत हा प्रश्न कधीच येत नाही. तसेच, किती जणांनी मेल उघडला या आकड्याकडे मी आता फारसे बघत नाही. २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची अशी सोय आहे की, ती चालू असेल तर वाचकाने मेल उघडला नाही तरी त्यातील चित्रे आधीच उतरवली जातात आणि मेल उघडल्याची नोंद होते. मी मोजतो ती उत्तरे, तीही स्वतःच्या कामाचा एखादा तपशील सांगणारी. महिन्याला अशी दहा-बारा आली तर सूर बरा लागला आहे असे मी समजतो, आणि एखाद्या महिन्यात ती दोन-तीनवर आली की मी पुन्हा उपदेशाकडे वळलो आहे का ते मागची पत्रे काढून पाहतो. डिसेंबरात तसेच झाले होते.

शिलकीत दोन पत्रे ठेवण्याचा नियम मी सप्टेंबरमध्ये केला. तारखेशी संबंध नसलेली, तयार, दुरुस्त केलेली पत्रे. गणेशोत्सवात आणि दिवाळीत सुट्टी असल्याचे आधीच्या पत्रात कळवले होते, आणि त्याबद्दल एकाही वाचकाने तक्रार केली नाही. पण नोव्हेंबरात ग्राहकाचे ऑडिट लागले, सलग दोन आठवडे रात्री नऊपर्यंत थांबावे लागले, दोन्ही शिल्लक पत्रे संपली आणि तिसऱ्या आठवड्यात पाटी कोरी राहिली. शिल्लक खर्च करणे सोपे असते. ती भरून काढण्यासाठी हलक्या आठवड्यात दोन खर्डे लिहावे लागतात, आणि हलक्या आठवड्यात माणसाला मुळीच लिहावेसे वाटत नाही. यावर मला अजून पक्का उपाय सापडलेला नाही.

आमच्याकडे कन्नडभाषक सहकारीही मराठी वाचतात, आणि शॉपमधले निम्मे शब्द दोघांचे सारखेच असल्याने त्यांना अडत नाही. एकाने पत्र कन्नडमध्येही द्या असे सुचवले. मला कन्नड बोलता येते, लिहिता येत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

सध्या शिलकीत एकच पत्र आहे, मायक्रोमीटरचे. बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, म्हणून त्या आठवड्याची सुट्टी मी आत्ताच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे.