फ्लिप-फ्लॉप की पल्स्ड लॅच?

चिपमधल्या एका ब्लॉकची पॉवर कमी करायची म्हणून एका सहकाऱ्याने विचारलं, सगळे फ्लॉप काढून पल्स्ड लॅच टाकू का?

फ्लॉपमध्ये पाठोपाठ दोन लॅच असतात. पल्स्ड लॅचमध्ये एकच, आणि तो क्लॉकच्या कडेपाशी एका छोट्या पल्सपुरताच उघडतो. त्यामुळे क्लॉकवरचा भार कमी होतो, पल्स जनरेटर चार-आठ लॅचमध्ये वाटून घेतला तर आणखी कमी. उशिरा आलेला डेटाही पल्स संपेपर्यंत चालून जातो. फ्लॉप एवढी मोकळीक देत नाही.

घोडं अडतं ते होल्डवर, म्हणजे क्लॉकच्या कडेनंतर जुना डेटा किती वेळ टिकायला हवा त्यावर. समजा शिफ्ट रजिस्टरमध्ये डेटा ४५ पिकोसेकंदांत पुढच्या टप्प्यावर पोचतो. होल्ड १०, आणि दोन टप्प्यांवर क्लॉक पोचण्यातला फरक म्हणजे स्क्यू २०. फ्लॉपला ३० पुरतात, १५ उरतात. लॅचला ८० ची पल्स धरून ११० लागतात, म्हणजे ६५ कमी. २० चा एक बफर धरला तरी प्रत्येक टप्प्याला चार बफर, आणि वाचवलेली पॉवर त्यांच्यातच जाते!

बफर टाकले नाहीत तर एकाच क्लॉकमध्ये बिट दोन टप्पे उडी मारतो. क्लॉक कितीही हळू करा, चूक तशीच राहते. होल्डची खूण हीच. पल्स अरुंद करावी, तर कमी व्होल्टेजला लॅचमध्ये नवी किंमत नीट लिहिलीच जात नाही.

त्याला म्हटलं, लांब लॉजिकच्या डेटापाथमध्ये पल्स्ड लॅच घाल. शिफ्ट रजिस्टर, स्कॅन चेन आणि आखूड वाटांना फ्लॉपच ठेव.