ट्रेनिंगचं सॉफ्टवेअर, काही महिन्यांच्या वापरानंतर: हिरव्या टिकेवर जाऊ नका

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत हे सॉफ्टवेअर उन्हाळ्यात घेतलं. नाव लिहीत नाही, सपोर्टवाल्यांशी भांडण अजून मिटलेलं नाही. व्हिडिओ टाका, माणसं जोडा, शेवटी प्रश्न, मग प्रमाणपत्र, हे सगळीकडे सारखंच. मला बोलायचंय ते फक्त नावापुढच्या हिरव्या टिकेबद्दल.

ग्राहक कंपनीचे ऑडिटर आले त्या दिवशी भट्टीच्या सुरक्षेचं मॉड्यूल डॅशबोर्डवर शंभर टक्के पूर्ण होतं. ऑडिटरनी भट्टीवरच्या एकाला सहज विचारलं, ओलं भंगार आलं तर काय करायचं? तो गप्प. आता आमच्या पावसात यार्डातलं भंगार कोरडं राहणंच मुश्कील, आणि वितळलेल्या धातूखाली पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होऊन धातू भट्टीबाहेर उडतो. मॉड्यूल केलं होतं तेच मुळात यासाठी. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, "बघितलाय की सायेब. जरा पळवला, एवढंच."

सपोर्टचं उत्तर: "सर, सिस्टीम बरोबर आहे." त्यांच्या दृष्टीनं बरोबरच. बार ओढून शेवटी नेला आणि उरलेले चार सेकंद चालू दिले, तरी प्लेअर `ended` कळवतो आणि टिक पडते. पुढे ओढणं बंद करायचं लॉक हवं तर वरचा प्लॅन घ्या, दर माणशी दर महिना जादा पैसे. हेल्परसुद्धा मोजायचे! ट्रायलवर लॉक लावून बघितलं. आवाज बंद करून टॅब तसाच ठेवायचा आणि चहाला जायचं, अशी सोय लोकांनी काढली. त्या लॉकला मी एक रुपया देणार नाही.

इथपर्यंत एक स्टार देणार होतो. मग रिपोर्टच्या तळाशी कच्चा लॉग डाउनलोड करायचं बटण सापडलं आणि मत बरंच बदललं. त्यात प्रत्येकानं व्हिडिओचा कुठला तुकडा चालवला ते सेकंदांत येतं. आपल्या गप्प बसलेल्या गड्याची ओळ ही:

```
0[.]100[,]770[.]840
```

म्हणजे सुरुवातीचे 100 सेकंद, मग उडी, मग 770 ते 840. चौदा मिनिटांच्या व्हिडिओतले 170 सेकंद, जेमतेम 20 टक्के. डॅशबोर्डवरचा 'घालवलेला वेळ' हा आकडा मात्र बघूच नका. टॅब उघडा ठेवून जेवायला गेलेल्याचा तो पाऊण तास दाखवतो आणि दुप्पट वेगानं पण सगळा बघितलेल्याचा सात मिनिटं. मोजायचे ते व्हिडिओचे सेकंद, आणि तोच भाग दोनदा बघितला तरी एकदाच.

मग सगळ्यांचे तुकडे एक्सेलमध्ये उतरवले. बी रकान्यात तुकड्याची सुरुवात, सीमध्ये शेवट, एफमध्ये दर दहा सेकंदांची खूण:

```
=COUNTIFS(B:B,"<="&F2,C:C,">"&F2)
```

त्या खुणेवर किती तुकडे चालू होते ते कळतं. परत परत बघणारा दोनदा मोजला जातो, म्हणून एकाच माणसाचे एकमेकांवर येणारे तुकडे आधी जोडून घ्यायचे. त्याचा आलेख काढला तर रेघ 1:40 ला धाडकन खाली आलेली. एखाद्याचीच रेघ सगळ्या मॉड्यूलमध्ये तुटत असेल तर त्या माणसाशी बोलावं. इथं सगळ्या शिफ्टची एकाच जागी तुटत होती, म्हणजे खोट व्हिडिओत. 1:40 पासून साडेसहा मिनिटांपर्यंत मालकांचं मनोगत आणि कंपनीचा इतिहास! लोकांना तेवढंच टाळायचं होतं, पण मोबाइलच्या छोट्या बारवर अंगठा कुठं थांबेल याचा भरवसा नाही. कुणी नवव्या मिनिटावर पोचला, कुणी बाराव्या. ओल्या भंगाराचा भाग 7:10 ला होता, तो बिचारा मधल्या मधे गेला.

मनोगत काढलं (मालकांना कसं पटवलं तो वेगळा विषय). ओल्या भंगाराचा दोन मिनिटांचा स्वतंत्र व्हिडिओ आमच्याच यार्डात शूट केला. आता त्याची रेघ जवळपास सपाट जाते, आणि शॉपवर विचारलं की उत्तर येतं.

तक्रारी अजून आहेत. हे तुकडे फक्त थेट अपलोड केलेल्या व्हिडिओचे मिळतात. पॉश कायद्याचं मॉड्यूल आम्ही बाहेरून तयार कोर्स म्हणून, स्कॉर्म 1.2 या ठरावीक फॉरमॅटच्या पॅकेजमध्ये घेतलंय. त्यातून स्थिती, गुण आणि वेळ एवढंच येतं, उडी कुठं मारली ते कळत नाही. शिफ्टमध्ये एकाच टॅबलेटवर एकाच लॉगिननं चौघं बसले तर लॉग एकाच्याच नावावर. आणि तुकडा चालला म्हणजे माणसानं बघितला असं नाहीच, म्हणून सुपरवायझर आठवड्यातून एकदा तोंडी विचारतो.

नूतनीकरण करणार, पण खालच्याच प्लॅनवर. नव्वद टक्के भाग चालल्याशिवाय टिक पडू नये, एवढी सोय मागितलीय. लॉग त्यांच्याकडे आहेच, बेरीज तेवढी करायची. उत्तर आलंय: "वरच्या प्लॅनमध्ये विचार करू."