प्री-ऑर्डर की वेटिंग लिस्ट? पहिली बॅच फक्त पाचशे बाटल्यांची असेल तर

नवा कॉस्मेटिक्स ब्रँड सुरू करणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच पडतो: लाँचआधी पैसे घ्यायचे, की नुसती नावं? दोन्हींत लोक थांबणारच असतात. पण प्री-ऑर्डर घेतलीत की डोक्यावर तारीख बसते. वेटिंग लिस्टमध्ये ती नसते, आणि माझ्या मते निवड करताना आधी याचाच विचार करावा.

उदाहरणादाखल व्हिटॅमिन सी सीरम घेऊ, ३० मिलीची बाटली. पाण्यात विरघळवलेलं शुद्ध व्हिटॅमिन सी हवा आणि उजेड लागला की पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. त्यामुळे जास्त माल बनवून ठेवणं परवडत नाही आणि छोटी बॅच हाच शहाणपणा ठरतो. पण त्याच कारणाने चाचण्या टाळता येत नाहीत. प्रिझर्व्हेटिव्ह काम करतंय का हे पाहायला नमुन्यात मुद्दाम जंतू सोडतात आणि २८ दिवस त्यांची संख्या मोजतात. स्टॅबिलिटीसाठी नमुने साधारण ४० अंश सेल्सिअसला तीन महिने ठेवून रंग, वास, घट्टपणा आणि पीएच बघतात. या चाचण्या विकायच्याच बाटलीत झाल्या पाहिजेत. काचेच्या बरणीत पास झालेलं सीरम पंपाच्या बाटलीतही टिकेल याची खात्री नसते.

मी स्वतः इथेच चुकले होते. फॉर्म्युला पास झाला म्हणून प्री-ऑर्डर उघडली, आणि पंप आले त्यानंतर. भरलेल्या बाटल्या आडव्या ठेवून दोन दिवसांनी पाहिलं, तर पंपाच्या मानेभोवती चिकट पिवळी कडा धरलेली. सील नीट बसत नव्हतं. नवे पंप येईपर्यंत सहा आठवडे गेले. त्या काळात जवळजवळ रोज कुणीतरी पैसे परत मागत होतं, आणि त्यातले निम्मे पैसे मी आधीच बाटल्यांवर खर्च केले होते. प्री-ऑर्डरचे पैसे माल हातात पडेपर्यंत आपले नसतात, हे मी तेव्हा शिकले. शिवाय माल मिळाला नाही म्हणून ग्राहकाने बँकेकडे तक्रार केली, तर रक्कम परस्पर वळती होऊ शकते.

वेटिंग लिस्टमध्ये ही टांगती तलवार नाही. पण तिचा आकडा फसवतो. नाव देणं फुकट असतं, म्हणून पंधराशे नावं म्हणजे पंधराशे बाटल्या नव्हेत. किंमत न सांगता जमवलेल्या यादीवर तर मी बॅच ठरवणारच नाही. नाव नोंदवतानाच किंमत दिसू दे. लाँचआधी प्रत्येक पाचव्या नावाला, म्हणजे तीनशे जणांना, दोन दिवसांसाठी खरेदी उघडून द्या. समजा तीस जणांनी घेतलं, तर दहात एक हे प्रमाण धरून पूर्ण यादीतून दीडशेच्या आसपास विक्री होईल. पहिली तीनशे नावं घेऊ नका. त्यात ओळखीचेच जास्त असतात, त्यामुळे अंदाज फुगतो. मात्र असं करायचं तर ‘आधी नाव, आधी माल’ हे वचन कुठेही दिलेलं नसावं.

आता पाचशेचा हिशोब. भरताना गळक्या किंवा कमी भरलेल्या बारा बाजूला काढल्या, उरल्या ४८८. पुढे तक्रार आली तर तपासायला त्याच बॅचच्या आठ सीलबंद जपून ठेवायच्या. फोटो आणि रिव्ह्यूसाठी तीस, वाटेत फुटलेल्यांच्या बदल्यात द्यायला पंचवीस. विकायला राहिल्या ४२५. सगळ्या ४२५ प्री-ऑर्डरला लावू नका. मी अडीचशेवर थांबेन, म्हणजे उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी निघालं तरी पैसे भरलेल्या कुणाला नकार द्यावा लागणार नाही. उरलेल्या १७५ लाँचच्या दिवशी वेटिंग लिस्टला.

उत्पादन बिनपाण्याचं असेल, उदाहरणार्थ लिप बाम किंवा फेस ऑइल, तर जंतूंची भीती बरीच कमी असते. तिथे प्री-ऑर्डर थोडी लवकर उघडायला माझी हरकत नाही, फक्त पॅकिंग हातात आलेलं असावं. लिपस्टिकच्या सहा शेड असतील तर वेटिंग लिस्टच बरी. कुठली शेड हवी हे नाव घेतानाच विचारा, म्हणजे कुठली किती बनवायची ते कळतं आणि न खपणारी शेड पडून राहत नाही.

सीरमसाठी माझा क्रम असा: चाचण्या चालू असताना वेटिंग लिस्ट, आणि चाचण्यांचे रिपोर्ट, पंप आणि बाटल्या भरण्याची तारीख हे तिन्ही हातात आल्यावरच प्री-ऑर्डर, तीही आधी यादीतल्यांनाच. पाठवण्याची तारीख सांगताना मॅन्युफॅक्चररने दिलेल्या तारखेत तीन आठवडे वाढवा. उशीर होणार असं दिसलं की त्याच दिवशी कळवा, आणि पैसे परत घेण्याचं बटण त्याच मेलमध्ये ठेवा.