मांजराचा खोकला: दमा की जुनाट ब्रॉन्कायटिस?

मान पुढे ताणून, जमिनीला चिकटून खोकणारं मांजर केसांचा गोळा काढतंय असं घरच्यांना वाटतं, पण तो दमा किंवा श्वासनलिकांची जुनाट सूज, म्हणजे ब्रॉन्कायटिस, असू शकतो. दम्यात श्वासनलिका अचानक आकुंचन पावते आणि औषधाने सैल होते, म्हणून झटक्यांच्या मधे मांजर ठणठणीत दिसतं. ब्रॉन्कायटिसमध्ये सूज आणि कफ कायम असतात, त्यामुळे खोकला जवळपास रोजचाच.

एक्स-रेत दोन्हींत श्वासनलिकांच्या भिंती जाड दिसू शकतात. दम्यात तो अगदी स्वच्छही येतो. खरा फरक भूल देऊन फुप्फुस धुतलेल्या द्रवात कळतो: दम्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त, ब्रॉन्कायटिसमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या. स्टेरॉइड आधीच सुरू असेल तर इओसिनोफिल घटतात आणि निदान चुकतं. फुप्फुसातल्या कृमींनीही इओसिनोफिल वाढतात, म्हणून विष्ठेची तपासणी हवीच.

सूज उतरवणारं, श्वासावाटे द्यायचं स्टेरॉइड फ्लुटिकासोन दोन्हींत चालतं. समजा चार किलोच्या मांजराला १२५ मायक्रोग्रॅमचा एक पफ दिवसातून दोनदा लिहून दिलाय. इनहेलर हलवा, मास्क नाकातोंडावर घट्ट बसवा, स्पेसरमध्ये, म्हणजे मास्कला जोडलेल्या पोकळ नळीत, पफ सोडा आणि ७ ते १० श्वास मोजा. कडेने हवा निसटली की डोस वाया गेला. परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. तोवर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू ठेवायच्या, मनाने थांबवायच्या नाहीत. श्वासनलिका सैल करणारं सालब्युटामॉल मात्र झटक्यापुरतंच. ब्रॉन्कायटिसमध्ये त्याचा उपयोग कमी, आणि रोज दिल्यास सूज वाढू शकते. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर थेट दवाखाना गाठा.