प्रॉक्सी तासाचं एक पानी टाचण: काही महिने वापरल्यानंतर

मी मुंबईत तासिका तत्त्वावर शिकवते. एखाद्या बाई लांब रजेवर गेल्या की त्यांचे वर्ग मिळतात, एरवी प्रॉक्सी. पावसात हार्बर बंद पडते, अर्धा स्टाफ बीएलओच्या कामाला जातो, आणि पर्यवेक्षिका हातात चिठ्ठी ठेवतात: "तिसरा तास, सातवी ब." एवढीच माहिती. त्या वर्गात कुठला धडा चालू आहे, मॉनिटर कोण, पाण्याला किती जणांना सोडतात, यातलं काही कळायची सोय नसते. मुलांना विचारलं तर तीसजण एकदम तीस उत्तरं देतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या मते हा तास पीटीचा असतो.

गेल्या जूनमध्ये एका निवृत्त गणिताच्या बाईंनी मला त्यांचं जुनं टाचण दिलं, वहीचं एकच पान. तेव्हापासून ते पाचवीपासून नववीपर्यंत, मराठी आणि सेमी इंग्लिश दोन्ही वर्गांत वापरतेय. विषय आहे कापरेकर स्थिरांक, ६१७४. गणित बऱ्याच जणांना माहीत असेल, पण अनोळखी वर्गासाठी ते ज्या तऱ्हेने बांधलंय त्याबद्दल लिहायचं आहे.

पानावरची पहिली सूचना अशी: वर्गात शिरल्यावर काही विचारू नका, फळ्यावर लिहायला लागा. चार अंक घ्या. त्यांच्यापासून मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा. आलेल्या उत्तराचे अंक घेऊन पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसले की शेवटी प्रत्येकाचं ६१७४ च येतं. उदाहरण म्हणून १५ ऑगस्ट, म्हणजे १५०८. मोठी ८५१०, लहान ०१५८, वजाबाकी ८३५२. इथे थांबायचं, पुढची पायरी फळ्यावर करायची नाही, कारण त्याच पायरीला ६१७४ येतं आणि गंमत जाते.

मग प्रत्येकाने स्वतःची जन्मतारीख घ्यायची, दोन अंक दिवसाचे, दोन महिन्याचे. जन्मसाल मुद्दाम टाळलंय, कारण एका वर्गात साल एक-दोनच असतात आणि सगळी वही शेजारच्याची होते. तारखा वेगळ्या असल्या की कॉपीचा प्रश्न येत नाही, गट पाडावे लागत नाहीत, कुणाचं नाव ठाऊक असायची गरज पडत नाही. आणि पुस्तक न आणलेलं मूलही अडत नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

एका घडी घातलेल्या कागदावर आधीच ६१७४ लिहून तो शेवटच्या बाकावरच्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मुलाकडे खिशात ठेवायला द्यायचा, उघडायचा नाही या बोलीवर. तसा मुलगा ओळखायला पहिला मिनिट पुरतो. कागद बहुतेक वेळा दहा मिनिटांत उघडला जातोच. त्याने काही बिघडत नाही. कागदावर एक संख्या असते, आणि ती तिथे का आहे हे त्याला कळलेलं नसतं. तो गप्प राहून इतरांच्या वह्यांत डोकावत फिरतो. टाचण लिहिणाऱ्या बाईंनी हेही धरलेलं असणार.

आता या पानाचा खरा जीव. अनोळखी वर्गात चाळीस-पन्नास मुलं, प्रत्येकाची संख्या वेगळी, पायऱ्या वेगळ्या, तपासायचं कसं? बरोबर उत्तराच्या अंकांची बेरीज नेहमी १८ किंवा २७ येते. मांडलेल्या मोठ्या संख्येतले मधले दोन अंक सारखे असतील तर २७, नसतील तर १८. बाकांमधून चालता चालता नजर टाकायची: ८३५२, अठरा, पुढे. ७४३३, सतरा, इथे थांबा. हातचा घ्यायला किंवा द्यायला विसरलं की बेरीज चुकतेच. त्या वर्गाला वजाबाकी कुणी, कशी शिकवली हे माहीत नसतानाही कोण अडलंय ते कळतं.

दुसरी खूण मला वापरता वापरता दिसली. काही मुलं प्रत्येक रकान्यात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात, वर कोणता आणि खाली कोणता ते न बघता. त्यांचं उत्तर या गणितात पुढून-मागून सारखंच वाचलं जातं. ८५३२ मधून २३५८ गेले की ६१७४ यायला हवेत, त्यांच्याकडे येतात ६२२६. असं आरशातलं उत्तर दिसलं की त्या मुलाशी थोडं बसायचं. (५५०० सारख्या संख्येचं खरं उत्तर ५४४५ येतं, तेवढा अपवाद. पण मग बेरीज १८ असते.) सहावी-सातवीत अशी मुलं दर वर्गात निघतात, आणि रोजच्या गणिताच्या तासाला ती शेजारच्याचं बघून पार पडलेली असतात.

बेरजेची चाचणी कुठे कमी पडते तेही सांगते. अंक उतरत्या क्रमाने लावतानाच गोंधळ झाला असेल तर ती पकडत नाही, कारण त्याच अंकांच्या कुठल्याही दोन मांडण्यांतला फरक ९ च्या पाढ्यात असतो. त्यासाठी वरची ओळ बघावीच लागते. सेमी इंग्लिशच्या वर्गांत आणखी एक भानगड: मी फळ्यावर १ लिहिला की काही मुलं तो इंग्रजी 9 म्हणून उतरवतात, आणि पुढचं सगळं गणित चोख करतात. त्या वर्गांत आता मी इंग्रजी अंकच लिहिते.

शून्याचं प्रकरण पानावर एका ओळीत आटपलंय, ते मला कमी वाटलं. ज्याचा वाढदिवस ११ नोव्हेंबरला त्याची संख्या ११११, मोठी-लहान एकच, उत्तर शून्य. तारखांमध्ये असा दिवस हा एकच. त्या मुलाला दुसरी तारीख द्यायची. पण ११ किंवा २२ डिसेंबरवाल्याचं पहिलं उत्तर येतं ०९९९, आणि तो हमखास ९९९ लिहितो. मग पुढे ९९९ मधून ९९९, शून्य. तोही "बाई, माझं संपलं" म्हणून हात वर करतो. एकाचा शून्य खरा, दुसऱ्याचा खोटा. पुढचं शून्य सोडलं नाही तर ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४ असं पाच पायऱ्यांत नीट पोचतं. म्हणून मी सुरुवातीलाच फळ्याच्या कोपऱ्यात चार रिकाम्या चौकटी काढते आणि "चारही भरलेल्या हव्यात" असं लिहिते.

परळच्या एका शाळेत पर्यवेक्षिका तपासायला म्हणून मागे येऊन बसल्या. मुलांनी त्यांनाही तारीख विचारली. १ जून. एके काळी शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास हीच तारीख लिहायचे, त्यामुळे पन्नाशीपुढच्या स्टाफमध्ये ती फार सापडते. ०१०६. बाईंनी फळ्यावर केलं: ६०८४, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सात पायऱ्या. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले की जास्तीत जास्त सातच पायऱ्या लागतात, आणि ही तारीख नेमकी त्या टोकाची निघाली. चौथ्या पायरीनंतर बाई थांबून म्हणाल्या, "अगं, हे येणार तरी आहे का?" आणि आख्खा वर्ग ओरडला, "बाई, हातचा बघा!" तेव्हा त्यांचा हातचा बरोबर होता. ७४४३ चे मधले अंक सारखे असल्याने पुढच्या उत्तराची, ३९९६ ची, बेरीज २७ येते. मुलं तोवर अठराच धरून बसली होती.

शेवटची पाच मिनिटं कापरेकरांची. द. रा. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, देवळालीला शाळामास्तर होते, आणि हा स्थिरांक त्यांना १९४९ मध्ये सापडला. पश्चिम रेल्वेवरच्या मुलांना डहाणू लोकल माहीत असते, त्यामुळे तिथे हे चटकन भिडतं. मुलुंड-भांडुपकडे मी देवळालीवर भर देते.

वेळेचा हिशोब पानावर तीस मिनिटांचा आहे. सातवीत तो जमतो. पाचवीत एका वजाबाकीला तीन-चार मिनिटं जातात, सात पायऱ्यांची तारीख असलेलं मूल तासाची घंटा झाली तरी मध्येच असतं. पाचवीला मी तीन अंकी संख्या देते. ती जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत ४९५ वर येऊन थांबते. नववीचं उलट. दहा मिनिटांत सगळे ६१७४ वर, आणि "आता काय?" पानावर याला उत्तर नाही, ही त्याची मोठी उणीव. मी त्यांना "का" विचारते. अंक उतरत्या क्रमाने लावले की वजाबाकी म्हणजे पहिल्या-चौथ्या अंकांतल्या फरकाची ९९९ पट, अधिक मधल्या दोन अंकांतल्या फरकाची ९० पट. एवढं त्यांना अक्षरं मांडून सापडतं, आणि १८-२७ चं कोडंही तिथून सुटायला लागतं.

पाण्याला-लघवीला जाण्यासाठी पानावर एक साधी युक्ती आहे: डस्टर टेबलाच्या कडेला उभं ठेवायचं, जाणाऱ्याने ते आडवं करायचं, आल्यावर पुन्हा उभं. आडवं असेल तर दुसरा उठत नाही. शाळेचा नियम काय आहे हे विचारायची, आणि त्यावर पंधरा मतं ऐकायची वेळ येत नाही. स्मार्टबोर्ड लावलेल्या खोल्यांत डस्टरच नसतं, त्याचं पेन स्टाफरूममध्ये कुलपात असतं. त्यामुळे खडू आणि डस्टर दोन्ही माझ्या पर्समध्ये.

एका शाळेत हे टाचण एकदाच चालतं. मधल्या सुट्टीत बातमी पसरते, आणि पुढच्या वेळी मी दारात दिसले की आठवी अ "सहा एक सात चार!" ओरडते. अशा वर्गाला मी पाच अंकी संख्या देते आणि म्हणते, आता याचा स्थिरांक शोधा. तो नाही. पाच अंकी संख्या एका जागी थांबतच नाहीत, फेऱ्यात अडकतात: ५३९५५ वरून ५९९९४, तिथून परत ५३९५५. आणखी दोन फेरे आहेत, चार-चार संख्यांचे. एका बाकावर एक फेरा, शेजारी दुसरा, आणि दोघं एकमेकांना चुकलास म्हणत असतात. वजाबाक्या लांब असल्याने तास पुरा भरतो. इथेही बेरीज ९ च्या पाढ्यात यायला हवी, तेवढीच खूण माझ्या हातात.

तास संपल्यावर वर्गशिक्षकांसाठी तीन ओळींची चिठ्ठी कॅटलॉगमध्ये ठेवायची असं पानावर आहे. नावं माहीत नसतात म्हणून बाक लिहायचा. माझी नेहमीची अशी असते: "६१७४ केलं. खिडकीकडची रांग, तिसरा बाक, डावीकडचा मुलगा आणि दाराजवळ पहिल्या बाकावरची मुलगी, दोघंही लहान अंक मोठ्यातून वजा करतात, हातचा घेत नाहीत. बाकी ठीक." काही बाई त्यावर काहीच बोलत नाहीत. दोघीतिघींनी नंतर स्टाफरूममध्ये गाठून विचारलं, हे एका तासात कसं कळलं? मी त्यांना ६२२६ लिहून दाखवला.